पगार लांबणार असेल तर कर्मचाऱ्यांना द्यायची सूचना: तारीख कशी ठरवावी आणि मजकूर कसा लिहावा

प्रश्न: अंधेरी एमआयडीसीत आमचे छपाई आणि पॅकेजिंगचे युनिट आहे, ३८ माणसे आहेत. मोठ्या पार्टीचे पैसे अडकल्यामुळे जूनचा पगार ७ जुलैला पूर्ण होणार नाही, दोन-तीन हप्त्यांत द्यावा लागेल. मी हिशेब आणि पगार बघतो. नोटीस मलाच लिहायची आहे. मालक म्हणतात, ‘सुधारित पगार तारीख’ म्हणून लिहा आणि सगळ्यांची ‘मान्य’ म्हणून सही घ्या. नेमके काय आणि कसे लिहावे?

उत्तर:

सुरुवात सहीपासून करतो, कारण तिथे चूक झाली तर पुढचा सगळा मजकूर कितीही चांगला असला तरी उपयोगाचा राहत नाही. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्या कलम १७ प्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याचा सातवा दिवस संपण्याच्या आत दिला गेला पाहिजे. पूर्वीच्या १९३६ च्या कायद्यात हजारापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेला ७ तारीख आणि मोठ्या आस्थापनेला १० तारीख असा फरक होता, शिवाय महिना २४,००० रुपयांपेक्षा जास्त पगार असलेला माणूस त्या कायद्याच्या कक्षेत येतच नसे. आता ते दोन्ही फरक राहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या मशीन ऑपरेटरला जी ७ तारीख लागू आहे तीच प्रॉडक्शन मॅनेजरलाही लागू आहे. कर्मचाऱ्याने आपला कायदेशीर हक्क सोडल्याचा करार त्याच संहितेप्रमाणे निरर्थक ठरतो. म्हणून ३८ जणांनी ‘मान्य’ असे लिहून सही केली तरी ७ तारीख जागची हलत नाही. उलट, पगार अडलेला असताना मालकाने सही घेतली, म्हणजे ती दबावाखाली घेतली, असे म्हणायला कोणालाही जागा मिळते.

सही घ्यायची असेल तर ती केवळ ‘सूचना वाचली व प्रत मिळाली’ एवढ्यापुरतीच घ्यावी, आणि कोणी नाही म्हटले तर आग्रह धरू नये. फलकावर लावलेल्या सूचनेचा तारखेसह फोटो आणि कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवलेला संदेश एवढा पुरावा पुरेसा असतो.

‘सुधारित पगार तारीख’ हा शब्दप्रयोगही टाळा. पगाराचा कालावधी आणि तो देण्याची पद्धत हा सेवाशर्तींचा भाग आहे आणि त्यात कायमचा बदल करायचा तर कामगारांना २१ दिवस आधी रीतसर नोटीस द्यावी लागते. हा नियम जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होता आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. तुम्हाला तारीख बदलायची नाही, एका महिन्याचा पगार उशिरा होतो आहे एवढेच कळवायचे आहे. त्यामुळे शीर्षकात ‘जून महिन्याच्या पगारास होणारा विलंब आणि रक्कम जमा होण्याच्या तारखा’ असे लिहा. मालकांना हा फरक समजावून सांगताना माझा अनुभव असा आहे की ‘विलंब’ हा शब्द त्यांना बोचतो, तो आपल्या चुकीची कबुली आहे असे वाटते. ती कबुली आहेच. पण उद्या कोणी कामगार खात्याकडे गेले तर वेळेत, लेखी आणि खरे सांगून ठरल्या तारखांना पैसे देणारा मालक एका जागी उभा असतो, आणि शब्द फिरवून सह्या गोळा करणारा मालक दुसऱ्या जागी. प्राधिकाऱ्याला दाव्याच्या रकमेखेरीज दहा पटींपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार आहे. तो किती वापरायचा हे ठरवताना तुमची वागणूक पाहिली जाणार.

आता मुख्य काम, म्हणजे तारखा. सूचना लिहायला बसण्याआधी कागदावर एकच हिशेब करा: कोणत्या तारखेला बँकेत खात्रीने किती पैसे असतील? इथे ‘खात्रीने’ हा शब्द कडक अर्थाने घ्या. बँकेत आज असलेली रक्कम खात्रीची. पार्टीच्या अकाउंट्स विभागाने तारखेसह लेखी कळवलेली रक्कम जवळपास खात्रीची. ‘महिनाअखेरीस करतो’ असे फोनवर सांगितलेली रक्कम खात्रीची नाही, मग सांगणारा कितीही जुना ग्राहक असो.

तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून ३८ माणसांच्या युनिटचे आकडे गृहीत धरून उदाहरण पूर्ण करतो. तुमचे आकडे त्यांच्या जागी घाला. सगळीकडे निव्वळ, म्हणजे कपातीनंतर हातात येणारा पगार धरला आहे. २५,००० रुपयांपर्यंत निव्वळ पगार असलेले २१ जण आहेत, त्यांची बेरीज ३,९९,००० रुपये. २५,००० ते ५०,००० मधले १२ जण, बेरीज ४,२०,००० रुपये. त्यावरचे ५ जण, बेरीज ३,७५,००० रुपये. एकूण ११,९४,००० रुपये. ७ जुलैला बँकेत ७,१०,००० आहेत आणि वीजबिल व मालवाहतुकीसाठी ६०,००० बाजूला ठेवावेच लागतील, म्हणजे पगारासाठी ६,५०,००० उरतात. एका पार्टीने १४ तारखेला ४,८०,००० पाठवत असल्याचे ईमेलने कळवले आहे. अडकलेल्या मोठ्या पार्टीचे ६,००,००० ‘महिनाअखेरीस’ येणार आहेत.

बहुतेक मालकांच्या मनात पहिला विचार येतो तो सगळ्यांना सारख्याच टक्क्याने देण्याचा. ६,५०,००० म्हणजे ५४ टक्के, तेवढे प्रत्येकाच्या खात्यात जमा करायचे. दिसायला हे न्यायाचे वाटते. पण १८,००० घेणाऱ्याला यात ९,७२० रुपये मिळतात, त्यात खोलीचे भाडे आणि महिन्याचा किराणा यांपैकी एकच गोष्ट भागते, आणि विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्याला लोकलचा पास काढायला उसने मागावे लागतात. ७५,००० घेणाऱ्यालाही त्रास होतोच, पण त्याच्याकडे बहुधा थोडी शिल्लक असते किंवा उसने मिळण्याची सोय असते. शिवाय टक्क्याच्या पद्धतीत ३८ च्या ३८ जणांचा पगार कायद्याच्या दृष्टीने थकतो. कमी पगारवाल्यांना आधी पूर्ण दिले तर २१ जणांपुरता विलंब झालाच नाही, आणि थकबाकीचा प्रश्न १७ जणांवर येतो. म्हणून माझा सल्ला नेहमी खालून वर देत जाण्याचा असतो.

त्याप्रमाणे मांडणी अशी होते. ७ जुलैला पहिल्या २१ जणांचा पूर्ण पगार, ३,९९,००० रुपये, आणि मधल्या १२ जणांचा निम्मा, २,१०,००० रुपये. एकूण ६,०९,००० गेले आणि ४१,००० उरले. १४ तारखेला ४,८०,००० आले की हातात ५,२१,००० होतात. १५ तारखेला पीएफ आणि ईएसआयचे मिळून समजा १,४०,००० भरले की ३,८१,००० राहतात. मग १७ तारखेला मधल्या १२ जणांचा उरलेला निम्मा, २,१०,००० रुपये, आणि वरच्या ५ जणांचा ४० टक्के, १,५०,००० रुपये. आता २१,००० शिल्लक आहेत आणि वरच्या पाच जणांचे २,२५,००० द्यायचे राहिले आहेत.

पैसे १४ ला येणार असताना पगाराचा हप्ता १७ ला ठेवला आहे, ते तीन दिवस पार्टीच्या दिरंगाईसाठी आहेत, बँकेसाठी नव्हेत. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. त्यामुळे ‘बँकेला सुट्टी असल्याने पगारास विलंब’ हे वाक्य आता कोणत्याही सूचनेत टिकत नाही. कर्मचारी रविवारीही फोनवरून पैसे पाठवत असतो, त्याला हे पटत नाही, आणि पहिलेच कारण खोटे ठरले की सूचनेतल्या तारखाही तो खऱ्या मानत नाही.

उरलेल्या २,२५,००० ची तारीख हा सर्वात अवघड भाग आहे. ते पैसे ज्या पार्टीकडून यायचे तिचा भरवसा नाही. अशा वेळी दोनच मार्ग प्रामाणिक आहेत. मालकांनी ओव्हरड्राफ्टमधून किंवा स्वतःच्या पैशातून २८ जुलैपर्यंत ही रक्कम उभी करायची तयारी दाखवली, तर २८ जुलै ही तारीख बिनशर्त लिहावी. तशी तयारी नसेल तर पगाराची तारीख लिहू नये, माहितीची तारीख लिहावी, म्हणजे ‘उरलेली रक्कम कोणत्या तारखेस जमा होईल ते २० जुलै रोजी दुपारी ४ वाजेपर्यंत लेखी कळवले जाईल’ असे. ‘पार्टीचे पैसे आल्यावर’ ही तारीख होत नाही, आणि ‘लवकरात लवकर’ हे तर काहीच सांगत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका युनिटमध्ये मी पगार पाहत होतो आणि तिथे लागोपाठ तीन सूचना मी ‘लवकरच’ या शब्दाने संपवल्या. तिसरी सूचना लावली तेव्हा फलकासमोर कोणी थांबलेसुद्धा नाही. एक जुना ऑपरेटर माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, ‘साहेब, पैसे नंतर द्या, पण तारीख आत्ता सांगा. मला घरमालकाला तारीख सांगायची आहे.’ त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि माझ्याकडे ते नाही हे मी तीन सूचनांमध्ये लपवत आलो होतो. तेव्हापासून प्रत्येक सूचना लिहिताना मी तो घरमालक समोर ठेवतो. कर्मचारी हा कागद दाखवून घरमालकाला, शाळेला किंवा भिशीवाल्याला तारीख सांगू शकेल का, एवढे तपासतो.

तारखा ठरवताना दोन गोष्टींना हात लावू नका. पहिली म्हणजे पीएफ. पगार हप्त्यात दिला म्हणून पीएफची १५ तारीख पुढे जात नाही, कारण वर्गणी देय पगारावर मोजली जाते, हातात पडलेल्या रकमेवर नाही. १,४०,००० भरायचे थांबवून त्यात आणखी दोघांचा पगार भागवू, असा मोह होतो. पण कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणे हा कायद्याने फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, आणि पासबुकात महिना कोरा दिसला की कर्मचाऱ्यांना ते लगेच कळते. दुसरी गोष्ट म्हणजे नोकरी सोडून गेलेले. जूनमध्ये कोणी राजीनामा दिला असेल किंवा कोणाला काढले असेल, तर त्यांचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, त्यांना या हप्त्यांत बसवता येत नाही. सुरक्षारक्षक आणि सफाईवाले कंत्राटदाराचे असतील तर त्यांच्यासाठी ही सूचना नाही. मात्र कंत्राटदाराचे बिल तुम्ही थांबवले आणि त्याने त्यांचे पगार थांबवले, तर जबाबदारी अखेरीस तुमच्याच दारात येते.

आणि सूचना छापण्याआधी ७ ऑगस्टकडे एकदा बघा. २८ जुलैला शेवटचा हप्ता दिला की दहा दिवसांनी जुलैचे ११,९४,००० द्यायचे आहेत. तेही वेळेवर जमणार नसतील तर जुलैच्या सूचनेत ‘ही अडचण केवळ या महिन्यापुरती आहे’ असे लिहू नका. एका महिन्यापुरती आहे हे खरे असेल तरच ते लिहावे.

सूचना केव्हा लावायची, याचेही उत्तर हप्त्यांच्या तारखांतच आहे. पुष्कळ कर्जांचे ईएमआय ५ तारखेला खात्यातून वळते होतात, आणि ऑगस्ट २०२१ पासून ही वळती रविवारीही होते. २०२६ मध्ये ५ जुलै रविवारी आहे. काहींचा पगार तुम्ही १ तारखेलाच देत आला असाल तर ते ५ च्या भरवशावर बसलेले असतात. म्हणून सूचना उशिरात उशिरा ३ जुलै, शुक्रवारी सकाळी लागली पाहिजे, म्हणजे ज्याला पैशांची सोय करायची आहे त्याला दोन दिवस मिळतात. ७ तारखेच्या संध्याकाळी लावलेली सूचना कोणाच्याही कामाची नसते. सगळ्यांनी तोवर फोनवर शिल्लक पाहिलेली असते आणि चहाच्या टपरीवर कंपनी बंद पडते आहे इथपर्यंत बोलणे गेलेले असते.

वरच्या पाच जणांना मात्र फलकावरून कळता कामा नये. त्यांना २ तारखेलाच मालकांनी एकत्र बसवून स्वतः सांगावे, कारण सर्वात जास्त थांबायचे आहे ते त्यांनी, आणि खालचे लोक उद्या प्रश्न घेऊन त्यांच्याकडेच जाणार आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा मोठा ईएमआय असेल किंवा घरात आजारपण असेल तर २१,००० च्या शिल्लकीतून थोडे आधी देता येते. ते त्या बैठकीतच विचारून घ्या.

आता मजकूर. मी लिहिला असता तो असा:

सूचना

दिनांक: ३ जुलै २०२६

विषय: जून २०२६ च्या पगारास होणारा विलंब आणि रक्कम जमा होण्याच्या तारखा

सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, जून २०२६ चा पगार मंगळवार, दिनांक ७ जुलै २०२६ पर्यंत सर्वांना पूर्ण देणे कंपनीस शक्य होणार नाही. एका मोठ्या ग्राहकाकडून मे महिन्यात येणे असलेली रक्कम अद्याप मिळालेली नाही, हे याचे कारण आहे. पगार वेळेवर देणे ही कंपनीची जबाबदारी आहे आणि ग्राहकाने पैसे न दिल्याने ती कमी होत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. आपणा सर्वांना होणाऱ्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

ज्यांचा जून महिन्याचा निव्वळ पगार २५,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांचा पूर्ण पगार मंगळवार, ७ जुलै रोजी जमा होईल.

ज्यांचा निव्वळ पगार २५,००० रुपयांहून अधिक व ५०,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांची निम्मी रक्कम मंगळवार, ७ जुलै रोजी आणि उरलेली निम्मी रक्कम शुक्रवार, १७ जुलै रोजी जमा होईल.

ज्यांचा निव्वळ पगार ५०,००० रुपयांहून अधिक आहे, त्यांची ४० टक्के रक्कम शुक्रवार, १७ जुलै रोजी आणि उरलेली ६० टक्के रक्कम मंगळवार, २८ जुलै रोजी जमा होईल.

निव्वळ पगार म्हणजे सर्व कपातीनंतर पगारस्लिपवर दिसणारी रक्कम. पगारस्लिप ७ जुलै रोजी सर्वांना दिली जाईल व तीत जून महिन्याचा पूर्ण पगार दाखवलेला असेल. विलंबामुळे कोणाच्याही पगारातून कोणतीही रक्कम कापली जाणार नाही. जून महिन्याचा पीएफ व ईएसआय १५ जुलैपर्यंत नेहमीप्रमाणे भरला जाईल.

पगार वेळेवर न मिळाल्यामुळे ज्यांच्या कर्जाचा हप्ता परत जाईल, त्यांनी बँकेने आकारलेल्या दंडाची नोंद असलेले खाते-विवरण हिशेब विभागात द्यावे. दंडाची ती रक्कम पुढील पगारासोबत कंपनीकडून दिली जाईल. घरमालक, शाळा अथवा बँक यांना दाखवण्यासाठी पत्र हवे असल्यास ते मागितल्याच्या दुसऱ्या दिवशी देण्यात येईल.

वरील सर्व रकमा देण्याची तजवीज कंपनीने केली आहे. संचालकांनी जून महिन्याचा स्वतःचा मोबदला घेतलेला नाही व वरील सर्व रकमा पूर्ण दिल्या जाईपर्यंत ते घेणार नाहीत. जुलै महिन्याचा पगार नेहमीप्रमाणे ७ ऑगस्टपर्यंत होईल.

शंका असल्यास शनिवार, ४ जुलै रोजी दुपारी ३ वाजता संचालक कॅन्टीनमध्ये सर्वांशी बोलतील.

(सही)
संचालक

यातली काही वाक्ये मी का ठेवली ते सांगतो, कारण मालक बहुधा तीच खोडतील. ‘ग्राहकाने पैसे न दिल्याने ती कमी होत नाही’ हे वाक्य नसले तर वरचे कारण सबब वाटते. ग्राहकाचे नाव मात्र लिहू नका, ती सूचना दुपारपर्यंत त्या ग्राहकाच्या फोनवर पोहोचलेली असते. ‘निव्वळ’ हा शब्द आणि त्याचा अर्थ दोन्ही लागतात, कारण कर्मचारी ठोक पगाराचा निम्मा मोजतो, खात्यात निव्वळचा निम्मा येतो आणि फरकावरून सकाळीच तुमच्या टेबलासमोर रांग लागते. हप्ता निव्वळ रकमेवर काढल्याने पीएफ, व्यवसायकर वगैरे कपात एकदाच आणि पूर्ण होते. पहिल्या हप्त्यातून कपात किती आणि दुसऱ्यातून किती, हा घोळच उरत नाही. तारखेसोबत वार लिहिल्याने छपाईची चूकही पकडली जाते.

संचालकांच्या मोबदल्याचे आणि दंड भरून देण्याचे वाक्य खरे असेल तरच राहू द्या. ही दोन वाक्ये कर्मचारी सर्वात लक्ष देऊन वाचतात आणि सर्वात जास्त दिवस लक्षात ठेवतात. मालक दंड भरून द्यायला तयार नसतील तर ते वाक्य काढा, पण त्याच्या जागी ‘सहकार्याची अपेक्षा आहे’ असे लिहू नका. पगार थांबलेला माणूस आधीच सहकार्य करतो आहे. ‘आपण सर्व एक कुटुंब आहोत’ हेही नको. आणि ‘ही माहिती बाहेर सांगू नये’ अशी ओळ तर मुळीच नको, तिने माहिती थांबत नाही, फक्त भीती वाढते.

सूचनेखाली संचालकांचीच सही हवी. तुमची नको. तुम्ही हिशेब पाहता, पैसे कधी येतील हे तुमच्या हातात नाही, आणि तुमच्या सहीने तारीख दिली की लोक तुम्हाला जाब विचारणार. ४ तारखेच्या बैठकीतही बोलावे ते संचालकांनी, तुम्ही आकड्यांसाठी शेजारी बसावे. छपाईच्या युनिटमध्ये उत्तर भारतातले कामगार असतातच, त्यामुळे शेजारी हिंदी प्रतही लावा, आणि दोन्हींतल्या तारखा व रकमा दुसऱ्या कोणाकडून ताडून घ्या.

पैसे पाठवताना बँकेच्या फाइलमध्ये शेरा नीट भरा. पहिल्या हप्त्याला `SAL JUN PART1`, दुसऱ्याला `SAL JUN PART2`, पूर्ण पगार असेल तिथे `SAL JUN`. गृहकर्जासाठी अर्ज केलेल्याचे खाते-विवरण बँक पाहते तेव्हा पगार म्हणून ओळखता येईल अशी नोंद त्याला लागते. माझ्या पाहण्यात एकदा हप्ता ‘अॅडव्हान्स’ शेऱ्याने गेला आणि पुढच्या महिन्यात संगणकाने तो आगाऊ रक्कम समजून पगारातून वसूल केला. दोन माणसांचा पगार त्यामुळे दुसऱ्यांदा अडला. वेतन नोंदवहीतही जूनचा पगार एकाच ओळीत, पूर्ण, आणि जमा झाल्याच्या दोन्ही तारखा त्यासमोर, अशी नोंद ठेवा.

१४ तारखेला संध्याकाळपर्यंत ४,८०,००० आले नाहीत तर १७ ची वाट पाहू नका. १५ ला सकाळी पार्टीकडून बँकेचा व्यवहार क्रमांक मागा. तो मिळाला तर पैसे निघाले आहेत. मिळाला नाही आणि टाळाटाळ ऐकू आली, तर मालकांना त्याच दिवशी ओव्हरड्राफ्टसाठी बँकेत जायला सांगा. तेही जमले नाही तर दुसरी सूचना १६ ला दुपारच्या आत लागली पाहिजे, आणि तीत पहिल्या सूचनेतली कोणती तारीख चुकली, कोणाची किती रक्कम राहिली आणि नवी तारीख कोणती, हे स्पष्ट यावे. दुसरी तारीख देताना पहिल्यापेक्षा जास्त सैल द्या. एक तारीख चुकल्यावर लोक आठवडाभर जास्त थांबतात, पण दुसरीही चुकली तर ते तुमच्याकडे न येता थेट कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातात, आणि तसे जाण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

२८ तारखेला शेवटची रक्कम गेली की बँकेकडून सर्व व्यवहार यशस्वी झाल्याचा अहवाल घ्या. चुकीच्या खाते क्रमांकामुळे एखादी रक्कम परत आली असेल तर ती त्याच दिवशी पुन्हा पाठवा. मग जुनी सूचना काढून त्याच फलकावर दोन ओळी लावा: ‘जून २०२६ चा सर्व कर्मचाऱ्यांचा पगार आज, दिनांक २८ जुलै २०२६ रोजी पूर्ण अदा झाला आहे. कोणाची रक्कम कमी जमा झाली असल्यास उद्या दुपारपर्यंत हिशेब विभागात कळवावे.’ त्याखालीही संचालकांचीच सही घ्या.